इंटरव्ह्यू झाल्यावरचा मेल: शिरोलीतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

मावशीच्या पोरीचा इंटरव्ह्यू गुरुवारी झाला, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, पोस्ट सिनियर क्वालिटी इंजिनिअरची, काम मुख्यतः कस्टमर कम्प्लेंट बघायचं. रात्री सव्वाअकराला तिचा व्हॉट्सॲप. "दादा झोपलास काय? थँक्यू मेल लिव्हलाय, बघ की, लगेच पाठवतो." (आमच्या कोल्हापूरकडं पोरी पण 'पाठवतो' म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये.) मी वाचला आणि फक्त एवढंच लिहिलं, थांब, सकाळी चहाला ये.

मी स्वतः चौदा वर्षं क्वालिटीत आहे आणि गेली सहासात वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून पोरांचे इंटरव्ह्यू पण घेतोय. त्यामुळं असले मेल पाठवायला सांगणारा आणि ते वाचणारा अशा दोन्ही बाजू मला माहिती आहेत. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यातला पहिला मेल आपल्यापैकी जवळपास सगळेच लिहितात, आणि दुसरा लिहायला खरंतर इंग्रजी चांगलं लागत नाही, त्याला दुसरंच काहीतरी लागतं.

आधी परिस्थिती सांगतो. पोरगी चार वर्षं गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये आहे. तिथं बाहेरच्या फौंड्रीतनं कास्टिंग येतात, व्हीएमसीवर मशीनिंग होतं, ही तपासते आणि माल पुढं जातो. फौंड्रीत एक दिवस पण काम केलेलं नाही. म्हणजे इंटरव्ह्यूतली मोठी अडचण आधीच ठरलेली होती आणि तेच झालं. क्वालिटी हेडनं पाचव्या मिनिटाला विचारलं, "तुम्ही मशीन शॉपच्या, आमच्याकडं सँड, मोल्डिंग, मेल्टिंग सगळं वेगळं, कसं जमायचं?"

समोर तिघं होते. क्वालिटी हेड, प्लांट हेड आणि एचआरच्या मॅडम. आता इथं एक गोष्ट घडली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिला अजिबात वाटली नव्हती, मी खोदून खोदून विचारल्यावर तिनं सांगितली. इंटरव्ह्यू सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली असतील तेवढ्यात प्लांट हेडला खालनं फोन आला, लाइनला काहीतरी झालं होतं, ते उठून गेले ते शेवटच्या दोन मिनिटांत परत आले आणि फक्त नोटीस पिरियड किती एवढंच विचारलं. आणि ते बाहेर असतानाच हिनं तिचं सगळ्यात चांगलं उत्तर दिलं होतं. म्हणजे ज्याची सही लागणार त्यानं तिला सुरुवातीचं 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'सारखं आणि शेवटचं 'एक महिना सर' एवढंच बोलताना ऐकलं.

शिवाय एका प्रश्नाला ती अडखळली. मशीनिंग झाल्यावर कास्टिंगला भोक दिसलं तर ते अडकलेल्या गॅसचं ब्लोहोल आहे का मेटल आकसून झालेलं श्रिंकेज आहे कसं ओळखायचं? ती म्हणाली जागेवरनं, जाड भागात असेल तर श्रिंकेज. चूक नाही, पण अर्धं उत्तर आहे, आणि क्वालिटी हेडनं नुसतं "हं" केलं. तो "हं" घेऊन बया रात्रभर जागी. निघताना एचआर मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात कळवतो.

आता तो रात्रीचा मेल. मूळ इंग्रजीत होता, इथं मराठीत देतोय, पण वाक्याला वाक्य तोच आहे:

"आदरणीय सर/मॅडम, हा मेल मिळेल तेव्हा आपण सर्व कुशल असाल अशी आशा करते. आज मला इंटरव्ह्यूची सुवर्णसंधी दिल्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मी अतिशय मेहनती, प्रामाणिक आणि लवकर शिकणारी आहे. मला फौंड्रीचा अनुभव नसला तरी कुठलंही काम करायची माझी तयारी आहे. एका प्रश्नाचं उत्तर नर्व्हस असल्यामुळं नीट देता आलं नाही, त्याबद्दल माफी असावी. ही नोकरी माझ्यासाठी आणि माझ्या घरासाठी फार महत्त्वाची आहे. पगाराबाबत मी ॲडजस्ट करू शकते. कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीनं विचार करावा आणि निकाल लवकरात लवकर कळवावा ही नम्र विनंती. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत."

सकाळी आली, चहा घेता घेता मी विचारलं, यातलं कुठलं वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही? म्हणजे बँकेत क्लार्कच्या जागेला अर्ज करणाऱ्यानं हाच मेल पाठवला तर काय बदलावं लागेल? तिनं वाचलं, परत वाचलं. "फौंड्री हा शब्द," म्हणाली. बास, एक शब्द. बाकी मेल कुणाचाही.

लाचारी म्हणजे 'नम्र विनंती' किंवा 'आभारी' असले शब्द, असं लोकांना वाटतं, मग ते शब्द काढतात आणि मेल कोरडा खडखडीत करतात, आणि तरी तो लाचारच वाटतो. कारण प्रॉब्लेम शब्दात नसतोच. या मेलमधलं प्रत्येक वाक्य तिच्या गरजेबद्दल आहे, मला संधी, माझं घर, माझी माफी, माझा निकाल. वाचणाऱ्याच्या हातात काय पडलं? काही नाही. त्याला कम्प्लेंट बंद करणारा माणूस पाहिजे आणि इथं कुणीतरी त्याच्याकडं सहानुभूती मागतंय.

आणि दोन वाक्यं तर पदरचे पैसे घालवणारी होती. एक, "अनुभव नसला तरी". अगं, तो आक्षेप त्यांनी तोंडी घेतला होता, तू तो स्वतःच्या हातानं लिहून त्यांच्या रेकॉर्डला लावतीयस. आता तो मेल फॉरवर्ड झाला की न आलेल्या माणसाला पण पहिली गोष्ट तीच कळणार. दुसरं, पगार ॲडजस्ट. पगाराचं अजून कुणी काढलेलं नाही, सीव्हीत अपेक्षा लिहिलीय, आणि ही आपणहून खाली यायला तयार. एचआर काय, हा मेल फाइलला लावून ठेवणार आणि ऑफरच्या वेळी काढणार. त्यांची चूक नाही, त्यांचं कामच आहे ते.

गरज जास्त दिसली की नुसती कीव येत नाही, संशय येतो, हे मी पलीकडच्या बाजूनं बघितलंय. काही वर्षांपूर्वी एक पोरगा आला होता, चांगला होता, आम्हाला आवडला होता. त्यानं पाच दिवसांत चार मेल केले, दोनदा फोन, एकदा गेटवर येऊन चौकशी. शेवटी आमच्यातलाच एक जण म्हणाला, याला आत्ता जिथं आहे तिथनं काढलंय का काय बघा जरा. तसं काही नव्हतं, नंतर कळलं. पण तोवर आम्ही दुसऱ्याला हो म्हणून बसलो होतो.

तर मग लिहायचं काय. मी तिला म्हणलं मेल ठेव बाजूला, ते बाहेर गेले असताना तू काय सांगत होतीस ते सांग.

तिनं सांगितलं ते असं. तिच्या शॉपमध्ये एका पंपाचं बेअरिंग हाउसिंग यायचं, कास्ट आयर्नचं, महिन्याला साधारण बाराशे नग. बेअरिंगच्या जागेचा बोअर मशीन केला की काही नगांना आत भोकं उघडी पडायची. रिजेक्शन सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सत्तर-बहात्तर नग. फौंड्रीवाला म्हणायचा तुम्ही जास्त मटेरियल काढताय, शॉपवाले म्हणायचे तुमचं कास्टिंग सडकं, आणि रिजेक्ट माल नुसता टेम्पोत भरून परत जायचा. हिनं काय केलं, एक साधी वही घातली. प्रत्येक रिजेक्ट नगावरचा कॅव्हिटी नंबर, मेटलच्या वितळणीचा हीट कोड आणि भोक नेमकं कुठं आहे ते घड्याळाच्या काट्यासारखं लिहायचं, दोन वाजताच्या जागी, पाच वाजताच्या जागी असं. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साचा उठवायच्या एका पॅटर्न प्लेटवर एकाच पार्टच्या दोनचार कॅव्हिटी असतात आणि कास्टिंगवर त्यांचा नंबर उठतो, म्हणजे नग कुठल्या घरातनं आला ते कळतं.) महिन्याभरात चित्र स्पष्ट झालं. पॅटर्नला दोन कॅव्हिटी, आणि बहात्तरपैकी अठ्ठावन्न नग दोन नंबरच्या.

दोष जर मशीनिंगमुळं असता तर दोन्ही कॅव्हिटीचे नग सारखेच खराब निघाले असते, मशीनला काय माहीत नग कुठल्या घरातला. मेटल खराब असतं तरी तसंच, एकाच लाडलमधनं ओतलेलं मेटल दोन्हीकडं जातं. म्हणजे गडबड दोन नंबरच्या घरातच. तक्ता फौंड्रीला दिला, त्यांनी बघितलं तर त्या बाजूच्या कोअरचा, म्हणजे आतली पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा, गॅस बाहेर जायची वाट नीट नव्हती. त्यांनी व्हेंटिंग सुधारलं, तीन महिन्यांत रिजेक्शन दोन टक्क्यांवर.

"मग हे लिहिलं का नाहीस मेलमध्ये?"

"हे तर सांगितलं की दादा तिथं. आणि दोष मी कुठं शोधला, फौंड्रीवाल्यांनी शोधला. मी नुसती वही घातली."

या वाक्यावर मी जरा थांबलो, कारण मेल कुणासाठी लिहायचा आणि त्यात काय लिहायचं हे दोन्ही प्रश्न यातच सुटतात. सांगितलं खरं, पण प्लांट हेड खोलीत नव्हता. मेल हा खोलीत बसलेल्यांना आठवण म्हणून जातो असं आपण धरतो, पण खरं त्याचा उपयोग होतो तो फॉरवर्ड झाल्यावर, जो नव्हता किंवा ज्याचं लक्ष नव्हतं त्याच्यासाठी. म्हणून त्याला इंटरव्ह्यू माहीत नाही असं धरूनच लिहायचं, 'आपलं जे बोलणं झालं त्याप्रमाणे' असल्या वाक्याचा त्याला काय उपयोग. आणि दुसरं, "मी नुसती वही घातली" हे जसंच्या तसं जायला पाहिजे. मी शोधलं असं लिहिलं असतंस तर दुसऱ्या राउंडला दोन प्रश्नांत उघडं पडलं असतं. शिवाय त्या जागेला पाहिजे तो माणूस वही घालणाराच आहे, कोअर सुधारणारे त्यांच्याकडं आहेत की.

फौंड्रीचा अनुभव नाही हा आक्षेप पण इथंच उलटा होतो. मशीन शॉपचं जे रिजेक्शन, तीच फौंड्रीची कस्टमर कम्प्लेंट. ती चार वर्षं त्याच तक्रारीच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. हे वाक्य तिनं स्वतः काढलं हं, मी नाही. चहा गार झाला होता तोवर.

मग लिहायला बसलो. मूळ मेल इंग्रजीतच गेला, इथं त्याचं मराठी:

विषय: सिनियर क्वालिटी इंजिनिअर, गुरुवारचा इंटरव्ह्यू

"नमस्कार मॅडम,

काल क्वालिटी हेड सरांनी सांगितलं की सध्याच्या बऱ्याच कम्प्लेंट कस्टमरकडं मशीनिंग झाल्यानंतरच्या आहेत. त्यावर सविस्तर बोलता आलं, आपण सर्वांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार.

मशीन शॉपमध्ये गेली चार वर्षं मी अशाच तक्रारींच्या दुसऱ्या टोकाला काम करते. एका बेअरिंग हाउसिंगचं मशीनिंगनंतरचं रिजेक्शन सुमारे ६ टक्के होतं. मी प्रत्येक रिजेक्ट नगाचा कॅव्हिटी नंबर, हीट कोड आणि दोषाची जागा नोंदवायला सुरुवात केली, त्यात बहुतेक नग एकाच कॅव्हिटीचे निघाले. त्या नोंदींवरून फौंड्रीनं तिथल्या कोअरचं व्हेंटिंग सुधारलं आणि तीन महिन्यांत रिजेक्शन २ टक्क्यांवर आलं. कम्प्लेंट आल्यावर पहिल्याच दिवशी कस्टमरकडून नेमकं काय मागवायचं, हे मी या कामातून शिकले.

ब्लोहोल आणि श्रिंकेजच्या प्रश्नाला मी फक्त जागेवरून उत्तर दिलं होतं. आम्ही नग कापून पोकळीची आतली भिंतही बघतो, गुळगुळीत असेल तर गॅस, खडबडीत दाणेदार असेल तर श्रिंकेज.

हा मेल पॅनेलमधल्या दोन्ही सरांना फॉरवर्ड केलात तर बरं होईल. आणखी काही माहिती लागली तर जरूर कळवा."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. संपलं.

आता यावर तिचे आणि माझे जे वाद झाले ते सांगतो, कारण खरं काम तिथंच झालं.

पहिल्या ओळीवर तिला 'आशा आहे आपण कुशल असाल' पाहिजेच होतं, नाहीतर उद्धट वाटतं म्हणे. मी माझा मोबाइल काढून दाखवला. इनबॉक्समध्ये विषयाच्या खाली मेलची पहिली ओळ अर्धवट दिसते, आणि एचआरवाले निम्मे मेल असेच अंगठ्यानं सरकवत बघतात. त्या अर्ध्या ओळीत कुशलमंगल दिसलं तर तो मेल उघडायची घाई कुणाला? त्याऐवजी त्यांचीच अडचण दिसली पाहिजे. आभार आहेतच की त्या परिच्छेदात, पण कशाबद्दल आभार ते पण आहे, म्हणून ते खोटे वाटत नाहीत.

चुकलेलं उत्तर मेलमध्ये दुरुस्त करावं का? यावर मी स्वतः पण ठाम नसतो. बहुतेक वेळा करू नये, कारण पॅनेल विसरलेलं असतं आणि तुम्ही आठवण करून देता, शिवाय घरी जाऊन मोबाइलवर शोधून लिहिलंय हे दिसतं. इथं केलं त्याला दोन कारणं. एक म्हणजे तो प्रश्न त्या जागेच्या रोजच्या कामाचा आहे, दोष ओळखता आला नाही तर पुढं सगळं चुकीच्या दिशेनं जातं. दुसरं, तिनं ते खरंच हातानं केलेलं होतं. मी तपासून घेतलं, विचारलं भिंत कशी बघतेस, तर म्हणाली बोअरच्या बाजूनं नाही बघायचं, टूलनं कड घासलेली असते, खोटं चकचकीत दिसतं, नग वेगळा कापायचा आणि भिंगातनं बघायचं. हे पुस्तकात वाचून सुचत नाही. (भिंतीवरनं शंभर टक्के ठरतं असं पण नाही, गॅस आणि श्रिंकेज एकत्र असतात तेव्हा भलेभले गंडतात, पण इंटरव्ह्यूतल्या प्रश्नाला एवढं पुरे.) माफी मात्र काढून टाकली. 'मी हे सांगितलं होतं, आम्ही हे पण बघतो', एवढं बास.

सगळ्यात मोठा वाद अटॅचमेंटवर. तिला तो वहीचा तक्ता, एक्सेलमध्ये केलेला, जोडायचा होता. "पुरावा आहे की दादा." मी चांगलाच ओरडलो तिच्यावर. तो तक्ता तिच्या बापाचा नाही, कंपनीचा आहे, त्यात पार्ट नंबर आहेत, सप्लायरचं नाव आहे, रिजेक्शनचे आकडे आहेत. जी पोरगी आज जुन्या कंपनीचे कागद आम्हाला पाठवते ती उद्या आमचे कागद दुसरीकडं पाठवणार, एवढा हिशोब कुठलाही क्वालिटी हेड अर्ध्या सेकंदात करतो. म्हणून मेलमध्ये पण फक्त 'एका बेअरिंग हाउसिंगचं' आहे, कस्टमर नाही, फौंड्रीचं नाव नाही. टक्केवारी पण मी दहादा विचार करून ठेवली.

'या जागेसाठी मी योग्य आहे' असं वाक्य तिला शेवटी टाकायचं होतं. ते वाचणाऱ्यानं म्हणायचं असतं. आपण त्याच्या शेजारी त्याची अडचण आणि आपलं काम ठेवून गप्प बसायचं.

पाठवला तो इंटरव्ह्यूच्या बोलावण्याचा जो मेल एचआरनं केला होता त्यालाच रिप्लाय म्हणून, म्हणजे जुनी साखळी खाली राहते आणि ही कोण हे शोधावं लागत नाही. क्वालिटी हेडचा आयडी तिनं अंदाजानं जुळवला होता, नाव डॉट आडनाव वगैरे, ते करू दिलं नाही. लागला तर घुसखोरी वाटते, नाही लागला तर मेल नुसताच परत येतो. शुक्रवारी साडेदहाला गेला. रात्री अकराला गेला असता तर काय बिघडलं असतं? फार नाही. पण रात्री लिहिलेला मेल रात्रीच्या डोक्यानं लिहिलेला असतो, आणि तो पहिला मसुदा तुम्ही वाचलाच.

मग वाट बघणं. त्याच दिवशी एचआरचं एका शब्दाचं उत्तर, 'नोटेड'. तिचा चेहरा पडला. मी म्हणलं नोटेड म्हणजे नोटेड, त्यातनं काही वास काढू नकोस. पुढच्या बुधवारी फोन, "दादा, मॅडमचा नंबर आहे माझ्याकडं, व्हॉट्सॲपवर नुसतं गुड मॉर्निंग टाकू काय?" नको. त्यांनी आठवडा सांगितलाय, तो आठवडा त्यांचा. व्हॉट्सॲप तर नकोच, निळी टिक दिसली आणि उत्तर नाही आलं की तू रात्रभर जागणार आणि त्या अवघडणार.

आठवडा संपला, काही नाही. शनिवार-रविवार सोडून मंगळवारी दुसरा मेल करायला लावला, त्याच साखळीत. आपल्याकडं एमआयडीसीत सगळ्यांची सुट्टी रविवारीच असते असं नाही, तेवढा वार मात्र विचारून घेतला होता. मेल असा: "नमस्कार मॅडम, सिनियर क्वालिटी इंजिनिअर पदाबाबत गेल्या आठवड्यात कळवू असं आपण म्हणाला होतात, म्हणून विचारते. निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे एवढं कळलं तर माझ्या बाजूचं नियोजन करता येईल." 'निवड झाली का' असं विचारलेलं नाही, 'कधी' विचारलंय. झाली का याला एचआरकडं बहुतेक वेळा उत्तर नसतं आणि उत्तर नसलं की ते मेल बाजूला ठेवतात, 'कधी'ला मात्र काहीतरी सांगता येतं. यात परत हाउसिंग आणि कॅव्हिटी काही घातलं नाही. आणि तिला सांगून ठेवलं होतं, याच्यानंतर तिसरा मेल नाही, फोन नाही, दुसरीकडं अर्ज कर.

संध्याकाळी उत्तर आलं. प्लांट हेड आठवडाभर बाहेर होते, सेकंड राउंड शुक्रवारी.

दुसऱ्या राउंडला प्लांट हेडच्या टेबलावर तिच्या मेलची प्रिंट होती, सहा टक्के आणि दोन टक्के याच्याखाली पेनानं रेघ. मेलमध्ये आकडा लिहिला की असं होणार हे धरून चालायचं, तो आकडा पुढचा प्रश्न असतो. पहिलाच प्रश्न, "सहावरनं दोन म्हणजे नग किती?" हिनं सांगितलं, बाराशेला बहात्तर होते, चोवीसवर आले. "व्हेंटिंग तुम्ही सुधारलं?" "नाही सर, फौंड्रीनं. माझी फक्त नोंद." "आणि उरलेले चोवीस?" इथं ती म्हणाली त्याचं कारण आम्हाला सापडलं नाही सर, ते दोन्ही कॅव्हिटीत विखुरलेले होते. प्लांट हेड हसले म्हणे. पुढची वीस मिनिटं त्या चोवीस नगांवरच गेली, फौंड्रीचा अनुभव हा विषय परत निघालाच नाही.

मेलमुळं काम झालं असं मी म्हणणार नाही. क्वालिटी हेडनं आधीच नाही ठरवलं असतं किंवा आतला कुणी माणूस वर घ्यायचा असता तर असले दहा मेल पाठवूनही काही झालं नसतं. एचआर मॅडमनी फॉरवर्ड केला नसता तरी संपलं होतं. आणि ज्याच्याकडं समोरच्याच्या अडचणीला लागू पडेल असं स्वतःचं केलेलं काम नाही त्यानं ओढूनताणून लिहू नये, दोन ओळींचे आभार पाठवावेत आणि सोडून द्यावं, त्यानं नुकसान तरी होत नाही. तिच्या बाबतीत एवढंच झालं की ज्यानं चांगलं उत्तर ऐकलं नव्हतं त्यानं ते वाचलं.

ऑफरच्या वेळी एचआरनं चौतीस हजार काढले. सीव्हीत अडतीस होते. हिनं अडतीसच सांगितलं, दोन फोन झाले, साडेछत्तीसला जमलं. तो 'ॲडजस्ट करू शकते' गेला असता तर चौतीसच्या वर एक रुपया सुटला नसता, एवढं मी स्टॅम्प पेपरवर लिहून देतो.

ऑफर लेटरला उत्तर तिनं मला न दाखवता पाठवलं. मावशीनं नंतर तिच्या मोबाइलवर दाखवलं. तीन ओळी होत्या, ऑफर मंजूर आहे, जॉइनिंग अमुक तारखेला, आणि पहिल्या दिवशी सेफ्टी शूज घेऊन यायचे का तिथं मिळतात.